आलेखावरून सीमा आणि सांतत्य: उडीच्या जागी काय वाचायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

देवगड तालुक्यात मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. सीमेचा, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘लिमिट’चा धडा सुरू झाला की सूत्रांची गणितं मुलं पटापट सोडवतात. पण सूत्र न देता नुसता आलेख काढून दिला आणि ‘x = 2 पाशी सीमा सांगा’ म्हटलं की वर्ग शांत होतो. त्या वेळी येणारे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह इथे लिहून ठेवले आहेत. सगळ्यांसाठी एकच आलेख घेतला आहे. आधी तो काढून घ्या, मग पुढे वाचा.

आलेख कोणता?

चौकटीच्या वहीत x चा अक्ष 0 ते 8 आणि y चा 0 ते 4 घ्या. (0, 1) वर भरीव ठिपका द्या, तिथून सरळ वर चढणारी रेघ (2, 3) पर्यंत न्या आणि शेवटी पोकळ वर्तुळ काढा. आता खाली या. (2, 1) वर भरीव ठिपका द्या, तिथून रेघ पुन्हा (4, 3) पर्यंत चढवा आणि तिथेही पोकळ वर्तुळ ठेवा. त्याच पोकळ वर्तुळापासून रेघ खाली उतरवून (6, 1) वर पोकळ वर्तुळाने संपवा. x = 6 वरच, पण उंच (6, 3) वर आणखी एक पोकळ वर्तुळ काढा आणि तिथून आडवी रेघ (8, 3) वरच्या भरीव ठिपक्यापर्यंत न्या. राहिले दोन सुटे भरीव ठिपके, (4, 2) आणि (6, 2). ते कुठल्याच रेघेवर नाहीत.

पडताळून पाहायला सूत्र देते, पण वाचताना त्याच्यावर हात ठेवा:

```
f(x) = x + 1,   0 ≤ x < 2
     = x − 1,   2 ≤ x < 4
     = 2,       x = 4
     = 7 − x,   4 < x < 6
     = 2,       x = 6
     = 3,       6 < x ≤ 8
```

एका बिंदूपाशी नेमकं काय काय वाचायचं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही वेगवेगळ्या. डावीकडून येणारी रेघ कुठल्या उंचीकडे चालली आहे, उजवीकडून येणारी कुठल्या उंचीकडे चालली आहे, आणि त्या उभ्या रेषेवर भरीव ठिपका कुठे आहे. पहिली डाव्या बाजूची सीमा, दुसरी उजव्या बाजूची सीमा, तिसरी फलनाची तिथली किंमत.

मी मुलांना पेन्सिल उभी धरायला सांगते. x = 2 वर पेन्सिल उभी ठेवा, म्हणजे तिथले सगळे ठिपके आणि वर्तुळं झाकली जातील. पेन्सिलीच्या डावीकडे जी रेघ दिसते ती पेन्सिलीला 3 या उंचीवर जाऊन भिडते, उजवीकडची रेघ 1 या उंचीवर भिडते. दोन्ही सीमा वाचून झाल्या, आणि पेन्सिलीखाली काय दडलं आहे हे अजून पाहिलेलंही नाही. सीमा ठरवताना त्या बिंदूवरच्या ठिपक्याला मत नसतं, ते यातून डोळ्यांनी दिसतं. आता पेन्सिल उचला. भरीव ठिपका 1 वर आहे, म्हणून f(2) = 1.

हेच x = 4 वर करा. डावीकडून 3, उजवीकडून 3, पेन्सिल उचलल्यावर ठिपका 2 वर. x = 6 वर डावीकडून 1, उजवीकडून 3, ठिपका 2 वर. तीन जागा, आणि तिथलं बिघाडाचं स्वरूप तिन्ही ठिकाणी वेगळं. मागच्या वर्षी एक मुलगा x = 4 कडे बघत म्हणाला, ‘‘बाई, एक वर्तुळ नि एक ठिपको, खंयचो घेवचो?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. सीमा विचारली असेल तर रेघ जिथे चालली आहे ते पोकळ वर्तुळ घ्यायचं, f(4) विचारलं असेल तर भरीव ठिपका.

‘डावीकडून’ म्हणजे डावीकडे जायचं की डावीकडून यायचं?

डावीकडून यायचं. कणकवलीकडून येणारी एसटी कणकवलीकडे चाललेली नसते, ती तिथून निघून देवगडला येत असते. ‘2 कडे डावीकडून’ म्हणजे 1.9, 1.99, 1.999 असं 2 च्या अलीकडून 2 कडे येणं. चालणं उजवीकडेच होतं, पण बाजू डावी.

याच्याच जोडीला आणखी एक चूक पेपरात दिसते. x → 2⁻ लिहिलेलं असलं की काही मुलं ते x → −2 असं वाचतात आणि उणे बाजूला शोधत बसतात. ते चिन्ह 2 च्या डोक्यावर उजवीकडे बसतं, 2 च्या आधी नाही. ते फक्त बाजू सांगतं, संख्येची खूण बदलत नाही. तिसरी चूक म्हणजे ‘2 पाशी’ म्हटल्यावर y = 2 ची आडवी रेषा पकडणं. बिंदू आडव्या अक्षावर शोधायचा आणि उत्तर उभ्या अक्षावर वाचायचं.

ठिपका भरीव की पोकळ, हे कोण ठरवतं?

फलनाची व्याख्या ठरवते, आणि व्यवहारात ती व्याख्या शब्दांत असते. समजा, आंब्याची पार्सलं पाठवणाऱ्याने दरपत्रक लावलं आहे: 5 किलोपर्यंत 80 रुपये, त्यापुढे 10 किलोपर्यंत 140, त्यापुढे 15 किलोपर्यंत 200. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण भाषा ओळखीची आहे. आता बरोबर 10 किलोच्या पेटीला किती? ‘10 किलोपर्यंत’ म्हटलं की मराठीत 10 त्यात आलेच, म्हणजे 140. आलेखावर 10 वर खालच्या पायरीच्या टोकाला भरीव ठिपका येतो आणि वरच्या पायरीच्या सुरुवातीला पोकळ वर्तुळ.

त्याच माणसाने ‘10 किलोपेक्षा कमी असेल तर 140, 10 किलोपासून पुढे 200’ असं लिहिलं, तर रेघा जिथल्या तिथे राहतात, फक्त भरीव ठिपका उडी मारून वरच्या पायरीवर जातो. दोन्ही पत्रकांत 10 पाशी डाव्या बाजूची सीमा 140 आणि उजव्या बाजूची 200 हीच आहे. बदलते ती फक्त बरोबर 10 ची किंमत. पहिल्या पत्रकात किंमत डावीकडच्या रेघेला जोडलेली आहे, म्हणून ते फलन 10 पाशी डावीकडून संतत. दुसऱ्यात उजवीकडून संतत. पुस्तकातलं [x], म्हणजे x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक देणारं फलन, हे दुसऱ्या जातीचं: प्रत्येक पूर्णांकावर भरीव ठिपका वरच्या पायरीच्या सुरुवातीला असतो.

एकाच उभ्या रेषेवर दोन भरीव ठिपके मात्र कधीच चालणार नाहीत. एकाच पेटीला एकाच वेळी 140 आणि 200 असं होत नाही, तसं झालं तर ते फलनच नव्हे. दोन्ही वर्तुळं पोकळ आणि भरीव ठिपका कुठेच नाही, हे चालतं. तेव्हा त्या बिंदूवर फलन दिलेलंच नाही असं समजायचं.

x = 6 वर डावीकडून 1, उजवीकडून 3 आणि ठिपका बरोबर मध्ये 2 वर. मग सीमा 2 का नाही?

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने आलेख नीट बघितलेला असतो. सीमा 2 आहे असं म्हणायचं तर 6 च्या अगदी जवळच्या x साठी f(x) सुद्धा 2 च्या अगदी जवळ असायला हवं. बघू या. f(5.9) = 1.1, f(5.99) = 1.01, f(6.1) = 3, f(6.01) = 3. जसजसं जवळ जावं तसतशा किंमती 2 पासून जवळजवळ पूर्ण 1 अंतरावर राहतात. 2 च्या आजूबाजूला, म्हणजे 1.5 आणि 2.5 च्या मध्ये, 6 जवळ कुणी फिरकतच नाही, एकटं 6 सोडून. आणि त्या एकट्याला मत नाही, हे वर झालं आहे.

म्हणून दोन बाजूंच्या सीमा वेगळ्या असल्या की उत्तर एकच: त्या बिंदूपाशी सीमा अस्तित्वात नाही. ‘सीमा 1 आणि 3’ असं लिहायचं नाही, सरासरीही काढायची नाही. (सरासरीला एका वेगळ्या ठिकाणी खरोखर मान आहे. अशा उडी असलेल्या फलनाची फूरियर श्रेणी उडीच्या जागी दोन्ही बाजूंच्या सीमांच्या बरोबर मध्यावर येऊन थांबते. पण ती गोष्ट पदवीच्या वर्गातली आणि प्रश्नही वेगळा.)

4 वर आणि 2 वर दोन्हीकडे फलन असंतत. मग फरक काय?

दुरुस्ती होते की नाही, हा. 4 पाशी दोन्ही रेघा एकाच उंचीवर येतात, फक्त ठिपका चुकीच्या जागी पडला आहे. (4, 2) वरचा ठिपका उचलून (4, 3) वर ठेवा, दोन्ही बाजूंच्या सीमा आणि किंमत एकच झाली, म्हणजे फलन तिथे संतत झालं. 2 पाशी ठिपका कुठेही ठेवा, 3 वर, 1 वर, मध्ये, काही उपयोग नाही, कारण रेघाच एकमेकींना भेटत नाहीत. पहिल्या प्रकाराला काढून टाकता येणारी असंततता म्हणतात, दुसरी उडी. उडीची उंचीही वाचता येते: उजवीकडच्या सीमेतून डावीकडची वजा करा. 2 पाशी 1 − 3 = −2, म्हणजे दोन घरं खाली. 6 पाशी 3 − 1 = 2, दोन घरं वर.

दुरुस्तीनंतर 4 वर आलेखाला टोक राहील, चढता चढता एकदम उतार. टोक म्हणजे असंततता नव्हे. रेघ सलग आहे, तेवढं सांतत्याला पुरतं. टोकाचा त्रास पुढे विकलनात येतो.

f हे 2 पाशी असंतत आहे, तरी ‘[2, 3] या अंतरालावर संतत’ असं उत्तर बरोबर कसं?

अंतराल दिलं की त्याच्या बाहेरचा आलेख कागदाने झाकून टाकायचा. [2, 3] च्या डावीकडचं सगळं झाका. आता 2 हे डावं टोक झालं, त्याच्या डावीकडे काही उरलंच नाही, म्हणून तिथे फक्त उजव्या बाजूची सीमा तपासायची. ती 1 आहे आणि f(2) सुद्धा 1 आहे. जुळलं. आत कुठे खंड नाही, 3 पाशीही डावीकडून सीमा 2 आणि f(3) = 2. म्हणून [2, 3] वर f संतत.

पण [1, 2] घेतलं तर चित्र उलटतं. आता 2 हे उजवं टोक, तपासायची डाव्या बाजूची सीमा, ती 3, आणि ठिपका 1 वर. असंतत. एकाच बिंदूवर एका बाजूच्या अंतरालाला उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’ येतं, कारण ठिपका एकाच बाजूच्या रेघेला जोडलेला आहे. 0 आणि 8 या टोकांनाही हाच नियम. f(0) = 1 आणि उजव्या बाजूची सीमा 1, म्हणून 0 पाशी काही बिघाड नाही. ‘0 च्या डावीकडे आलेखच नाही, मग सीमा कशी असणार?’ असं घाबरून मुलं इथे ‘असंतत’ लिहितात आणि गुण घालवतात.

आलेखावरून f(f(x)) ची सीमा विचारतात तेव्हा काय करायचं?

इथे बहुतेक जण अडकतात, आणि एक-बाजूची सीमा खरी उपयोगी पडते ती इथेच. म्हणून जरा सावकाश.

x → 3 असताना f(f(x)) कुठे जातं ते शोधू. पहिल्यांदा आतलं वाचा. 3 पाशी f संतत आहे आणि f(x) → 2. सवयीने हात लिहितो: मग बाहेर f(2) = 1, उत्तर 1. हे चूक आहे, कारण 2 हीच उडीची जागा आहे आणि तिथे f(2) ने काम भागत नाही. आता विचारायचं ते हे: f(x) 2 कडे येताना खालून येतं की वरून?

x हे 3 च्या डावीकडे असेल, समजा 2.9, तर f(2.9) = 1.9. म्हणजे आतली किंमत 2 च्या खालून येते. बाहेरच्या f साठी खालून येणं म्हणजे डावीकडून येणं, आणि 2 पाशी डाव्या बाजूची सीमा 3 आहे. x = 3.1 घेतलं तर f(3.1) = 2.1, वरून येणं, म्हणजे बाहेरच्यासाठी उजवीकडून, तिथे सीमा 1. म्हणून x → 3 असताना f(f(x)) ची डावी सीमा 3, उजवी 1, एकत्र सीमा नाही.

आता x → 5 करा. f(x) पुन्हा 2 कडेच जातं, पण इथे रेघ उतरती आहे. x = 4.9 तर f = 2.1, वरून. x = 5.1 तर f = 1.9, खालून. म्हणून f(f(x)) ची 5 पाशी डावी सीमा 1 आणि उजवी 3, बरोबर उलट. रेघ चढती असेल तर बाजू तीच राहते, उतरती असेल तर बाजू पालटते. एवढं एक वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि महिनाभर पुसू देत नाही.

शेवटी x → 6 बघा. f ला 6 पाशी सीमाच नाही, मग f(f(x)) ला कुठून असणार, असं वाटतं. तरी प्रत्येक बाजू वेगळी चालून बघा. डावीकडून f(x) हे 1 कडे येतं, वरून. 1 पाशी बाहेरचं f संतत आहे, म्हणून उत्तर f(1) = 2. उजवीकडे f(x) कायम 3 आहे, आणि f(3) = 2. दोन्ही बाजूंनी 2! आतल्या फलनाला सीमा नाही, तरी संयुक्त फलनाला सीमा आहे, 2. तिथली प्रत्यक्ष किंमत मात्र f(f(6)) = f(2) = 1, म्हणून सांतत्य नाही. ‘आतल्याला सीमा नाही, म्हणून बाहेरही नाही’ असं एका ओळीत लिहून मोकळं होता येत नाही, ते एवढ्यासाठी.

दोन पायऱ्यांच्या मध्ये उभी रेघ काढली तर चालेल का? मोबाईलवर ती दिसते.

नाही. उभी रेघ म्हणजे एकाच x ला अनेक किंमती. आलेख काढणारी बरीच साधनं ठरावीक अंतरावरचे ठिपके मोजतात आणि शेजारचे ठिपके रेघेने जोडून टाकतात. उडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका जोडला गेला की जवळजवळ उभी रेघ उमटते. ओळखायचं कसं? त्या जागी चित्र मोठं करा. उडीवरची खोटी रेघ प्रत्येक वेळी तशीच उभी दिसत राहते, खरी तीव्र चढाची सलग रेघ मोठी केल्यावर हळूहळू आडवी पडू लागते.

आलेखावरून वाचलेलं उत्तर नेहमी पक्कं असतं का?

परीक्षेतल्या आलेखावर हो, कारण तो ठिपके आणि वर्तुळांसह मुद्दाम काढलेला असतो आणि घरांवर बसणाऱ्या संख्या घेतलेल्या असतात. मोजून काढलेल्या आलेखावर नाही.

बंदरावर कुणी दर अर्ध्या तासाने पाण्याची उंची टिपली आणि ठिपके जोडले, तर भरती आणि सुकतीची लाटेसारखी सलग रेघ मिळते. ती जोडणं योग्य आहे, पण ते ठिपक्यांमुळे नाही. पाणी एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर मधली उंची गाळून जात नाही, हे आपल्याला आधीच माहीत आहे म्हणून. एखाद्या टिपणात पाणी एकदम हातभर वर गेलेलं दिसलं, तर आपण समुद्राला असंतत म्हणत नाही, काठी हलली होती का ते बघतो.

आता तसेच ठिपके पार्सलच्या दरांचे घ्या. 8 आणि 9 किलोला 140 रुपये, 11 आणि 12 किलोला 200. चार ठिपके जोडले की 9 आणि 11 च्या मध्ये तिरकी रेघ येते आणि 10 किलोला 170 रुपये ‘वाचता’ येतात. असा दर कुठल्याच पत्रकात नाही. ठिपके दोन्हीकडे सारखेच नीटनेटके, पण एकीकडे जोडायची मुभा आहे आणि दुसरीकडे नाही. ते ठरवायला ठिपक्यांच्या मागचं दरपत्रकच उघडून बघावं लागतं.